कोयत्याची गणती

सामाजिक इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यास पहिली अडचण येते ती ही कीं, ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांनीं स्वतः बहुधा कांहीं लिहून ठेवलेलें नसतें. आणि ज्यांनीं लिहून ठेवलेलें असतें त्यांना त्या माणसांशीं कर्तव्य नसून त्यांच्या कामाशींच कर्तव्य असतें. महाराष्ट्रांतील ऊंसतोड मजुरांच्या बाबतींत या अडचणीचें स्वरूप मोठें चमत्कारिक आहे. साखर कारखान्याच्या दप्तरांत उंसाचा टनन् टन नोंदलेला असतो. तो कोणाच्या शेतांतून आला, कोणत्या तारखेस तुटला, काट्यावर किती भरला, त्यांतून साखरेचा उतारा किती पडला, हें सर्व दशांश चिन्हांसह तेथें सांपडतें. परंतु तो कोणी तोडला, असा प्रश्न केला तर दप्तर एका मुकादमाचें नांव दाखवून गप्प बसतें. त्या नांवामागें दहा कोयते आहेत कीं वीस, एका कोयत्यामागें माणसें किती, त्यांत बाया किती, आणि पाचटाच्या ढिगावर निजलेलीं मुलें किती, याचें उत्तर शोधण्यास दप्तराबाहेर पडावें लागतें.

या मजुरांची संख्या आठ लाख, बारा लाख, पंधरा लाख अशी निरनिराळ्या तोंडीं निरनिराळी ऐकूं येते. कोणता आकडा खरा हें ठरविण्यापूर्वीं हे आकडे इतके डळमळीत कां, याचा विचार करणें मला अधिक उपयुक्त वाटतें. कारण ज्या रीतीनें या माणसांची गणती झाली, किंवा खरें म्हणजे चुकली, त्या रीतींतच त्यांचा इतिहास बराचसा सांठविलेला आहे.

आधीं ही जमात उत्पन्न कशी झाली तें थोडक्यांत पाहूं. पश्चिम महाराष्ट्रांत ऊंस वाढला तो कालव्यांच्या पाण्यावर. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत गोदावरीचे व प्रवरेचे कालवे झाले. १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि खासगी कारखान्यांना तेजी आली. परंतु आजच्या ऊंसतोडीची घडी बसली ती सहकारी कारखान्यांबरोबर. त्यांचा आरंभ १९५० सालीं प्रवरानगर येथें झाला. खासगी कंपनीचा ऊंस बराचसा तिच्या स्वतःच्या मळ्यावर उभा असे. सहकारी कारखान्याचा ऊंस मात्र शेंकडों सभासदांच्या लहानमोठ्या रानांत विखुरलेला. तो तोडून आणण्याची जबाबदारी कारखान्यानें आपल्या अंगावर घेतली. आणि तुटलेला ऊंस एका दिवसाच्या आंत गाळला नाहीं तर त्यांतील साखर घटूं लागते, ही तर निसर्गाचीच अट. म्हणजे रोज ठराविक टन ऊंस ठराविक वेळीं दाराशीं आणून टाकील, पांचसहा महिने हलणार नाहीं, आणि हंगाम संपतांच आपोआप निघून जाईल, असें मनुष्यबळ हवें होतें.

तें बळ कालव्यांच्या पूर्वेस तयारच होतें. पाथर्डी, शेवगांव, जामखेड, आष्टी, पाटोदा, धारूर या अवर्षणप्रवण पट्ट्यांत खरिपाचें पीक हातीं आलें कीं पुढें काम नाहीं. आरंभीं बैलगाडीवाले पुष्कळ आले, आणि ते केवळ मजुरीसाठीं आले असें नव्हे. उंसाचा शेंड्याकडील हिरवा भाग, ज्यास वाढें म्हणतात, तो बैलांना फुकट मिळे. दुष्काळांत बैल जगविण्याचा तो एक मार्ग होता. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ फारच वाढला. बैलांच्या मागून बैल नसलेले आले. आणि आज बैलगाडीवाले, ट्रॅक्टर व ट्रक भरणाऱ्या टोळ्या, आणि डोक्यावरून मोळ्या वाहणारे ‘डोकी सेंटर’वाले असे त्यांचे प्रकार झाले आहेत. बीड जिल्हा या सर्वांचें मुख्य माहेर ठरला.

आतां गणतीच्या मूळ घोटाळ्याकडे वळूं. ऊंसतोडीच्या व्यवहारांत मोजण्याचें एकक माणूस हें नाहीं; ‘कोयता’ हें आहे. मुकादम कारखान्याशीं करार करतो तो इतक्या कोयत्यांचा. उचल मिळते ती कोयत्यास. एक कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष किंवा एकटी बाई आली तर ती ‘अर्धा कोयता’. या एका शब्दानें दोन गोष्टी साधल्या. उचल देणाराला जोडपेंच हवेंसें झालें, कारण तोडणें व सोलणें एकानें आणि मोळी बांधून वाहणें दुसऱ्यानें अशी कामाची सांगड त्यावांचून बसत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, उचल घेतांना अंगठा किंवा सही पुरुषाची, मुकादमाच्या वहींत नांव पुरुषाचें, हंगामाअखेरचा हिशेब पुरुषाशीं. यामुळें निम्मी मजूरसंख्या कागदावरून नाहींशी झाली. फडांत एका बाईनें हेंच मला एका वाक्यांत सांगितलें. ती म्हणाली, “भाऊ, कोयत्यात मी अर्धी हाय, पर वहीत कुठंच न्हाई.”

दप्तराची ही गोष्ट झाली. सरकारी मोजणीचें काय? आपली खानेसुमारी दर दहा वर्षांनीं फेब्रुवारी महिन्यांत होत आली आहे. २०११ ची ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. फेब्रुवारी म्हणजे ऊंसतोडीचा भर. त्या वेळीं बीडकडील घरांस कुलपें असतात, अथवा आंत म्हातारीं माणसें असतात, आणि कर्तीं माणसें दोनशें मैलांवर कोपींत. कोपी म्हणजे बांबू, चटया, ताडपत्री, जें हातीं लागेल त्याची बांधलेली कमानीसारखी झोपडी. तिला घरक्रमांक नाहीं. गणक तेथपर्यंत पोहोंचला तर तीं माणसें कारखान्याच्या जिल्ह्यांत मोजलीं जातात, न पोहोंचला तर राहून जातात. मोजलीं गेलीं तरी त्यांची नोंद ‘शेतमजूर’ या प्रचंड वर्गांत होते. त्यांतून ऊंसतोड्या वेगळा काढतां येत नाहीं. जी खानेसुमारी २०२१ सालीं व्हावयाची होती ती लांबली, आणि तिच्यासाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भवेळ २०२५ सालीं जाहीर झाली. म्हणजे ऋतु पुन्हां तोच.

राष्ट्रीय नमुना पाहणीनें हंगामी स्थलांतराची वेगळी नोंद घेण्याचा प्रयत्न केला आहे. २००७-०८ च्या फेरींत तिनें व्याख्या केली ती अशी: गेल्या वर्षभरांत रोजगारासाठीं एक महिना किंवा अधिक, परंतु सहा महिन्यांपेक्षां कमी काळ जो गांवाबाहेर राहिला तो अल्पकालीन स्थलांतरित. व्याख्या वाईट नाहीं. पण दसरा-दिवाळीस निघालेली टोळी एप्रिलच्या अखेरीस परतली तर सहा महिने उलटलेले असतात आणि ती व्याख्येच्या पलीकडे जाते. शिवाय घरांतलें सगळें बिऱ्हाडच गेलेलें असेल तर विचारणाऱ्यास उत्तर देण्यास दारांत कोणी नसतें. एकटा मुलगा शहरांत गेला असेल तर त्याचा बाप माहिती सांगतो. कुलूप कांहीं सांगत नाहीं.

कायद्याचीहि नजर अशीच अर्धवट होती. १९७९ सालीं आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीं कायदा झाला; तो राज्याची सीमा ओलांडून कंत्राटदारामार्फत जाणाऱ्यांना लागू होता. त्यामुळें बीडचें एक जोडपें एका वर्षीं बेळगांव जिल्ह्यांत तोडणीस गेलें तर कायद्याच्या दृष्टीनें स्थलांतरित, आणि पुढल्या वर्षीं सांगलीस गेलें तर नव्हे. कोयता तोच, मुकादम तोच, कोपीहि तीच!

मग गणती करावी तरी कशी? एक मार्ग दप्तरांतूनच निघतो, व तो शिकण्यासारखा आहे. माणसें लिहिलेलीं नसलीं तरी टन लिहिलेले आहेत. २०१८-१९ च्या हंगामांत महाराष्ट्रांत सुमारें ९५० लाख टन ऊंस गाळला गेला. आतां एक कोयता दिवसास किती तोडतो आणि हंगामांत किती दिवस काम मिळतें, एवढें कळलें कीं कोयत्यांची संख्या भागाकारानें येते. रोजचे दोन टन आणि कामाचे दिवस १२० धरले तर एका कोयत्याचे २४० टन होतात. ९५० लाखांस त्यानें भागलें असतां सुमारें चार लाख कोयते, म्हणजे आठ लाख माणसें. पण रोजचे दोनऐवजीं दीडच टन धरले तर कोयत्याचे १८० टन होतात, आणि संख्या एकदम साडेदहा लाखांवर जाते. केवळ अर्ध्या टनाच्या फरकानें अडीच लाख माणसें उत्पन्न झालीं! आणि यांतून यंत्रानें तुटलेला व गांवच्याच मजुरांनीं तोडलेला ऊंस अजून वजा करावयाचा आहे. उलट लहान मुलें व शेजारच्या राज्यांत गेलेल्या टोळ्या मिळवावयाच्या आहेत. तेव्हां मोठमोठे आकडे सांगणाराला विचारावयाचा प्रश्न एकच: आपण दिवसाचे टन किती धरले, आणि ते कोठें उभे राहून पाहिले?

या प्रश्नाचें महत्त्व प्रथम ज्यांनीं दाखवून दिलें त्यांत यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचें नांव घ्यावें लागेल. त्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत दक्षिण गुजरातमधील बारडोलीच्या सहकारी कारखान्यांच्या ऊंसतोड मजुरांचा अभ्यास केला आणि १९७८ च्या सुमारास तो लेखरूपानें प्रसिद्ध केला. तेथील मजुरांत आपल्या खानदेशांतून जाणाऱ्यांचा भरणा मोठा. म्हणून तो इतिहास आपलाहि आहे. ब्रेमन यांच्या पद्धतींत विशेष तो हा कीं, कारखान्याचे कागद आणि तळावरील माणसांचें बोलणें हीं दोन्हीं त्यांनीं एकमेकांसमोर उभीं केलीं. कागद म्हणतात मजुरी इतकी. तळ म्हणतो दिवस इतक्या तासांचा. दोन्हीं विधानें एकेकटीं निरुपद्रवी आहेत. एकत्र केलीं कीं त्यांतून तासाची मजुरी निघते, आणि मग बोलणें कठीण होतें.

हीच रीत मीं एका फडावर वापरून पाहिली. सोलापूर जिल्ह्यांतील तो फड. जोडपें पहाटे चार वाजतां कोपींतून निघालें. पुरुषानें ऊंस जमिनीलगत तोडावयाचा, कारण बुडख्यांत साखर अधिक आणि तेथें दोन बोटें राहिलीं तरी शेतकरी कुरकुरतो. मग पाचट सोलावयाचें, शेंड्याचें वाढें तोडून बाजूस टाकावयाचें, आणि बाईनें मोळी बांधावयाची. दुपारीं किंवा रात्रीं, जेव्हां वाहन येईल तेव्हां, त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढावयाचें. वाहन केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं. त्या दिवशीं तें रात्रीं नऊ वाजतां आलें व भरणी अकराला संपली. मीं दिवसभरांत मोजलें तें पावणेदोन टनांच्या आसपास भरलें. तीस किलोंची मोळी धरली तर एका टनाच्या तेहतीस-चौतीस मोळ्या होतात. म्हणजे त्या दिवशींच्या सुमारें अठ्ठावन्न. मात्र मजुरी मिळते ती या मोजणीवर नव्हे. ती कारखान्याच्या काट्यावर पडलेल्या वजनावर, आणि वजन होतें त्या वेळीं तोडणारा कोपींत निजलेला असतो.

आतां हिशेब पाहा. २०२४ च्या जानेवारींत तोडणीच्या दरांत चौतीस टक्के वाढ झाली आणि तो टनास सुमारें ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडप्यानें हंगामापूर्वीं एक लाख रुपये उचल घेतली. या कामांत ही रक्कम असाधारण नाहीं. ती फेडण्यास ३६६ नें भागून सुमारें २७३ टन ऊंस तोडला पाहिजे. रोजचे पावणेदोन टन याप्रमाणें त्यास १५६ दिवस लागतील. हंगाम १२० दिवस चालला आणि एकहि खाडा झाला नाहीं असें धरलें, तरी २१० टन होतात व त्यांचे ७६,८६० रुपये. बाकी राहिली २३,१४० रुपये. याशिवाय दर आठवड्यास पीठमिठासाठीं घेतलेली खर्ची आहेच. तीहि अंगावर चढते. ही बाकी घेऊन जोडपें गांवीं परततें, आणि पुढील दसऱ्यास त्याच मुकादमाच्या दारीं उभें राहतें. कारण जुनी बाकी फेडण्याचा मार्ग नवी उचल हाच उरलेला असतो. दर वाढूनहि माणूस सुटत कां नाहीं, याचें उत्तर या चार ओळींच्या गणितांत आहे. दिवसांचा आकडा त्याच्या हातीं नाहीं. पाऊस कमी झाला, ऊंस कमी पडला, कारखाना लवकर बंद झाला, कीं वाढलेला दर बुडतो आणि बाकी तरंगते.

आणि याच गणितांत ‘खाडा’ हा शब्द आला आहे, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. खाडा म्हणजे कामावरील गैरहजेरी. जोडींतील एक जण आजारी पडला कीं कोयता बंद, आणि अनेक ठिकाणीं खाड्याबद्दल दंडहि. २०१९ सालीं हा दंड दिवसास पांचशें रुपये असल्याचें प्रसिद्ध झालें होतें. त्याच वर्षीं या शब्दाचा सर्वांत भयंकर अर्थ जगापुढें आला.

एप्रिल २०१९ मध्यें ‘बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकांत बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांविषयीं एक वृत्तांत आला. त्यांत असें होतें कीं, कांहीं गांवांत गर्भाशय काढून टाकलेल्या तरुण स्त्रियांची संख्या विलक्षण आहे. राष्ट्रीय महिला आयोगानें राज्य सरकारास विचारणा केली, विधिमंडळांत प्रश्न निघाले, आणि थोड्याच दिवसांत तीन आकडे लोकांच्या तोंडीं झाले. हे तीन आकडे एकाच गोष्टीचे म्हणून वापरले गेले. वस्तुतः ते तीन वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें होते. ते सोडवून पाहणें हाच या लेखाचा गाभा आहे.

पहिला आकडा ४,६०५. जून महिन्यांत आरोग्यमंत्र्यांनीं विधान परिषदेंत सांगितलें कीं, बीड जिल्ह्यांतील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत इतक्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आलेला. त्यांत ऊंस तोडणाऱ्या किती व न तोडणाऱ्या किती, हें वेगळें नव्हतें. ज्या स्त्रीनें बार्शीस किंवा नगरला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली ती त्यांत नाहीं. जिची तीन वर्षांपूर्वीं झाली तीहि नाहीं. मुख्य म्हणजे हा नुसता अंश आहे, त्याला छेद नाहीं. किती स्त्रियांपैकीं ४,६०५, हें सांगितल्यावांचून तो थोडा कीं फार हें ठरत नाहीं. म्हणून त्या आकड्यावरून घाबरणारे आणि त्याच आकड्यावरून ‘असें विशेष कांहीं नाहीं’ म्हणणारे, दोघेहि सारखेच निराधार होते.

दुसरा आकडा ३६ टक्के. २०१८ सालच्या एका स्वयंसेवी पाहणींतून तो आला होता. येथें छेद होता, पण तो सुमारें दोनशें स्त्रियांचा. अशा लहान पाहणींत पाहणी करणारे जेथें दुःखाची कुणकुण लागते तेथेंच आधीं जातात. तें स्वाभाविक आहे, व तेथें जाणें आवश्यकहि आहे. पण त्यावरून साऱ्या जिल्ह्याचें प्रमाण काढतां येत नाहीं. अशा पाहणीचें काम धोक्याची घंटा वाजविण्याचें. माप घेण्याचें नव्हे.

तिसरा आकडा आला तो सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या कामांतून. बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची चौकशी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. हें प्रमाण सुमारें १७ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. अंश आणि छेद दोन्हीं येथें आहेत, छेद मोठा आहे, आणि प्रश्न थेट त्या स्त्रियांनाच विचारलेला आहे. तिन्हीं आकड्यांत विश्वसनीय म्हणावयाचा तो हाच.

तरीहि एक सावधगिरी हवी. त्या वेळीं पुष्कळांनीं हे प्रमाण राज्याच्या सरासरीशीं ताडून पाहिलें. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्राची ती सरासरी २·६ टक्के होती. परंतु ती पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या सर्व स्त्रियांची आहे. तींत शाळकरी मुलीहि येतात, आणि ही शस्त्रक्रिया वयाबरोबर वाढत जाणारी. कोयत्यावर जाणाऱ्या स्त्रिया विवाहित व लेकुरवाळ्या. दोन गटांचीं वयें सारखीं नसतांना केलेली तुलना फरक थोडा फुगवून दाखविते. ही वजावट केली तरी सहापटींहून अधिक असलेली तफावत केवळ वयानें भरून निघेल असें कोणीहि म्हणूं शकणार नाहीं. आकड्याची अशी कसून परीक्षा केल्यानें त्याचें बळ कमी होत नाहीं. उलट विरोधकानें घ्यावयाचा आक्षेप आधींच संपतो.

एवढें झाल्यावर ‘किती’ याचें उत्तर मिळालें. ‘कां’ याचें मिळालें नाहीं. तें आकड्यांत नसतेंच. त्यासाठीं त्या स्त्रियांच्या जबान्या ऐकाव्या लागतात, आणि निरनिराळ्या गांवांत घेतलेल्या जबान्यांत एकच क्रम पुन्हां पुन्हां दिसतो. लग्न लवकर, मुलें लवकर, आणि विशीच्या आसपास कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मग वर्षांमागून वर्षें फडावरचीं. तेथें शौचकूप नाहीं, न्हाणीघर नाहीं, आडोसा नाहीं. पाळीच्या दिवसांत कापड बदलावयास जागा नाहीं व धुवावयास पाणी नाहीं. तशांत डोक्यावर मोळी. अंगावरून जाणें, ओटीपोटांत दुखणें सुरू होतें. फडावरून दवाखान्यांत जावें तर खाडा; म्हणून दुखणें गांवीं परतेपर्यंत अंगावर काढावयाचें. गांवीं सरकारी दवाखाना दूर. खासगी डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, कर्करोग होईल, काढून टाका. आणि बाई मनाशीं हिशेब करते: पिशवी गेली कीं पाळी गेली, पाळी गेली कीं खाडा गेला. शस्त्रक्रियेचा खर्च येतो उचलींतून. आणि ती उचल फेडावयास, जखम पुरती भरण्यापूर्वींच, बाई पुन्हां फडांत.

मुकादम सक्तीनें शस्त्रक्रिया करवितात, असें त्या वेळीं सरसकट लिहिलें गेलें. जबान्या शांतपणें ऐकल्या म्हणजे चित्र याहून गुंतागुंतीचें, आणि माझ्या मतें अधिक गंभीर दिसतें. पाळी न येणारी बाई मुकादमास सोयीची वाटते, असें सांगणाऱ्या स्त्रिया आहेत. पण पुष्कळजणी निर्णय स्वतःचाच म्हणून सांगतात. सक्ती करणारा एखादा मनुष्य असता तर त्यास पकडतां आलें असतें. येथें सक्ती हिशेबाची आहे: टनाचा दर, उचलीची बाकी, खाड्याचा दंड आणि डॉक्टरानें घातलेली भीति या चारांनीं मिळून जो निर्णय घडविला त्याला बाईची संमति म्हणावयाचें! बीडच्या जिल्हा प्रशासनानें जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवांचून खासगी रुग्णालयांनीं ही शस्त्रक्रिया करूं नये असा आदेश काढला, तो योग्यच होता. पण त्यानें चारांपैकीं एकाच दाराला कुलूप लागलें.

या सर्वांवरून गणतीविषयीं जें निष्पन्न होतें तें साधें आहे. कारखान्याच्या करारावर व उचलीच्या पावतीवर कोयत्याऐवजीं माणसांचीं नांवें, आणि त्यांत बाईचें नांव वेगळें, असावयास हवें. तिच्या वाट्याची मजुरी मग तिची म्हणून मागतां तरी येईल. मोजणी दोनदां झाली पाहिजे: एकदां पावसाळ्यांत, टोळ्या गांवीं असतांना, कारण तेव्हां घराचें दार उघडें असतें, आणि एकदां जानेवारींत तळावर, कारण कोपींत निजलेलीं मुलें तेथेंच दिसतात. दोन्हीं याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे कोण गळलें तें उघड होतें. अलीकडे ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रें देण्याची योजना राज्यानें केली आहे; तिचें यश ओळखपत्रें किती वाटलीं यावर मोजूं नये, तळावरच्या यादींतील किती नांवें तिच्यांत सांपडतात यावर मोजावें.

२०१९ चीं ती १३,८६१ नांवें कोठल्याहि कारखान्याच्या दप्तरांत कधींच नव्हतीं. कोणीतरी दारोदार जाऊन प्रत्येकीस विचारलें, म्हणून तीं कळलीं. आणि ज्या बीडमध्यें तें विचारलें गेलें त्या एका जिल्ह्यापलीकडे, जालना, परभणी, नांदेड, जळगांव, नंदुरबार या जिल्ह्यांतूनहि दरवर्षीं कोयते निघतात. तेथील कोयत्यांतल्या अर्ध्या माणसांना तोच प्रश्न त्याच काळजीनें आतां विचारला गेला पाहिजे.